मॉड आणि रॉकबिली: आधी सावली बघा, मग केसांना हात लावा

कातडी जॅकेट, घट्ट जीन्स, केसांना चोपडून जेल, झाला रॉकबिली. लांब पार्का, म्हणजे टोपीचा सैल कोट, आणि काळा चष्मा, झाला मॉड. हा सल्ला ऐकून तयार होऊन आलेल्या कितीतरी मुलांना मी रंगीत तालमीच्या दिवशी पुन्हा कपडे उतरवायला लावलेत. वाद्यवृंदांची आणि हौशी नाटकांची वेशभूषा मी अनेक वर्षं करते आहे. पश्चिमेकडच्या जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला की हे दोन पोशाख हटकून येतात आणि हटकून एकमेकांत मिसळतात.

दोघांची गावं आणि काळ वेगळे आहेत. रॉकबिली म्हणजे सुरुवातीचं रॉक अँड रोल संगीत आणि ते गाणारी-ऐकणारी पोरं: अमेरिकेतलं मेंफिस, १९५४ नंतरची चार-पाच वर्षं. एल्विस प्रेस्ली तिथल्या बील स्ट्रीटवरच्या लॅन्स्की ब्रदर्सच्या दुकानातून कपडे घ्यायचा. मॉड म्हणजे लंडन, पन्नाशीच्या दशकाची अखेर ते साधारण १९६६. मॉडर्न जॅझ ऐकणारी ती पोरं, म्हणून मॉडर्निस्ट आणि पुढे मॉड. इटालियन कापणीचा सूट शिंप्याकडे उभं राहून शिवून घ्यायची त्यांना भारी हौस. कातडी जॅकेट यातल्या कुणाचीच खूण नाही. ते इंग्लंडमधल्या मोटारसायकलवाल्या रॉकर्सचं. १९६४ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर मॉड पोरांची मारामारी झाली ती याच रॉकर्सशी. मॉडच्या अंगावर तसलं जॅकेट चढवणं म्हणजे त्याला समोरच्या टोळीचे कपडे घालणं.

पहिली पायरी सावलीची. माणसाला पांढऱ्या पडद्यापुढे उभं करा, मागून दिवा लावा आणि नुसती आकृती बघा. रंग, कापड, बटणं काही दिसत नसताना कोण कुठला हे ओळखता आलं पाहिजे. रॉकबिलीची आकृती वर रुंद, कमरेला आवळलेली आणि मांडीपाशी पुन्हा सैल असते. मॉडची खांद्यापासून बुटापर्यंत एकच सडपातळ उभी रेघ.

गेल्या खेपेचं उदाहरण सांगते. गायक एकच, पाच फूट सात इंच, कंबर बत्तीस. पूर्वार्धात मेंफिस, उत्तरार्धात लंडन. रॉकबिलीसाठी पँट बेंबीपाशी बसेल इतकं आसन उंच घेतलं, पुढे दोन-दोन चुण्या टाकल्या, मांडीत भरपूर सैल सोडलं आणि मोहरी अठरा इंच ठेवली. कापड मऊ, ओघळणारं गॅबर्डिन. जॅकेटचा खांदा त्याच्या खांद्याबाहेर अर्धा इंच, लांबी बैठक झाकेल एवढी. मॉडसाठी खांदा नेमका हाडावर, तीन बटणं, लॅपल सव्वादोन इंच, मागे दोन्ही बाजूंना उभ्या चिरा. पँटला चुणी नाही, मोहरी साडेपंधरा, आणि लांबी अशी की कापड बुटाला टेकावं पण त्यावर सांडू नये. कापड टेरीवूल, कारण इस्त्रीची धार शेवटपर्यंत टिकायला हवी.

मोहरीबाबत शिंप्याशी वाद होणार, हे धरूनच चला. मॉड म्हटलं की तो हल्लीच्या स्ट्रेच पँटसारखं पायाला चिकटणारं शिवतो. चिकटलेल्या कापडाला धार राहत नाही, आणि धार गेली की ती उभी रेघही गेली. अरुंद आणि घट्ट यात फरक आहे. माणूस खुर्चीवर बसल्यावर पोटरीपाशी चिमटीत इंचभर कापड यायला हवं. येत नसेल तर पँट परत करा.

मुलींचा हिशोब याच धर्तीवर. रॉकबिलीत कंबर आवळलेली आणि खाली पेटिकोटवर फुगलेला गोल घेराचा स्कर्ट. मॉडमध्ये कमरेची दखलच न घेणारा, खांद्यावरून सरळ उतरून गुडघ्यावर संपणारा झगा. मॉडच्या झग्याला कुणी हौसेने पट्टा बांधला तर काढायला सांगा.

बुटांना फार वेळ लागत नाही. मॉडला पातळ तळव्याचे: चेल्सी बूट, लोफर किंवा क्लार्क्सने १९५० साली काढले त्या घडणीचे, घोट्यापर्यंतचे स्वेडचे डेझर्ट बूट. रॉकबिलीला दोन रंगांचे किंवा स्वेडचे, जरा भरीव दिसणारे. जाड क्रेप तळव्याचे क्रीपर हे पन्नाशीच्या दशकातल्या इंग्लंडच्या टेडी बॉइज या पोरांच्या टोळ्यांचे. पुढच्या पुनरुज्जीवनात रॉकबिलीवाल्यांनी ते उचलले. १९५५चं मेंफिस दाखवायचं असेल तर ते नकोत.

आता केस. घोडं इथेच अडतं, आणि माझंही अडलं होतं. माझ्या पहिल्या रॉकबिली गायकाचा पुढचा फुगा मी तासभर खपून उभा केला. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर दिव्यांच्या उष्णतेने केस बसवायचं चमकदार मलम, म्हणजे पोमेड, मऊ पडलं आणि तो फुगा ओल्या फडक्यासारखा त्याच्या कपाळावर आला. कार्यक्रम संपेपर्यंत तो एका हाताने माईक आणि एका हाताने केस सांभाळत होता. मी पोमेड कमी पडलं असं समजून पुढच्या प्रयोगाला जास्त लावलं, तर फुगा पहिल्याच गाण्यात पडला.

चूक समजायला मला आणखी तीन प्रयोग लागले. पोमेड फुगा उभा करत नाही. ते उभ्या झालेल्या केसांना जागच्या जागी धरतं आणि चमक देतं. उभं करण्याचं काम मुळांचं, आणि मुळं उभी राहतात ती गरम हवेने. पुढे जास्त पोमेड लावलं तर त्याचं वजनच केसांना खाली ओढतं.

केस आदल्या रात्री धुवा. त्याच दिवशी धुतलेले केस निसटते असतात, काही धरून राहत नाहीत. कपाळावरची लांबी निदान चार इंच हवी, टाळूकडे थोडी कमी, आणि कानांवरचे केस मागे विंचरता येतील एवढे तरी. हल्ली सगळीकडे बाजू मशीनने भादरून वर झुपका ठेवतात. त्या डोक्यावर रॉकबिली होत नाही, कारण मागे वळवायला बाजूला केसच उरलेले नसतात. म्हणून कलाकाराला महिना-दीड महिना आधी सांगून ठेवा.

केस जरा ओलसर करा. गोल ब्रशने पुढचे केस वर आणि पुढे, म्हणजे नाकाच्या दिशेने ताणून धरा आणि ड्रायरची गरम हवा मुळांवर सोडा. थेट मागे विंचरत वाळवले तर ते डोक्याला चिकटूनच वाळतात. बट पूर्ण कोरडी झाली की ब्रश न हलवता अर्धा मिनिट थंड हवा द्या. आकार बसतो तो गार होताना, म्हणून घाईत ही थंड हवा गाळू नका. ब्रश काढल्यावर, अजून काहीही लावलेलं नसताना, केस आपले आपण उभे राहिले पाहिजेत. नाही राहिले तर पाणी मारून पुन्हा पहिल्यापासून. या टप्प्यावर पोमेडचा डबा उघडायचाच नाही.

मग वाटाण्याएवढं पोमेड तळहातांवर घासा, गोळी पूर्ण विरघळेपर्यंत. सुरुवात मागून करा, मग बाजू, आणि हाताला उरलेला नुसता ओशटपणा पुढच्या केसांना. दाट केसांना अशा दोन-तीन फेऱ्या लागतील, पण प्रत्येक वेळी वाटाणाच. बाजू कंगव्याने मागे घ्या आणि डोक्यामागे दोन्हीकडचे केस जिथे भेटतात तिथे कंगव्याच्या टोकाने उभी रेघ ओढा. तीच ती बदकाची शेपटी. शेवटी पुढचे केस मागे विंचरून तळहाताने हलकेच पुढे ढकला, फुगा आपोआप वर येतो. वरून स्प्रेचा एक हात.

जेल वापरू नका. ते कडक वाळतं, पुन्हा कंगवा घातला की पांढरे कण सुटतात, आणि रॉकबिलीवाला तर उठल्यासुटल्या खिशातून कंगवा काढणारा. खोबरेल तेलाचा सल्ला देणारेही भेटतात. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांवर वितळतं. पुण्याच्या जानेवारीत बाटलीत गोठलेलं दिसतं म्हणून ते केस धरेल असं वाटतं, पण डोक्याच्या ऊबेने त्याचं पाणी होतं. त्याचा उपयोग उलटा आहे, तेलकट पोमेड काढताना. कोरड्या केसांना थोडं खोबरेल चोळा, त्यावरच पाणी न घालता शांपू चोळा, मग धुवा आणि पुन्हा एकदा शांपू.

मॉडच्या केसांना यातलं काही लागत नाही. केस आखूड, नीट कापलेले, भांग साधा, टाळूमागे जरासं उलटं विंचरून दिलेली उंची आणि चमक अजिबात नाही. मुलींना लंडनचा केशरचनाकार व्हिडाल ससून याच्या वळणाचा भूमितीसारखा नेमका बॉब. तिथे सगळं काम कात्रीचं आहे.

एकाच रात्री एकाच डोक्यावर दोन्ही करायचे असतील तर मॉड आधी, रॉकबिली नंतर. वर सांगितलेल्या गायकाचा क्रम मात्र इतिहासाप्रमाणे उलटा होता. तेलकट पोमेड मध्यंतराच्या वीस मिनिटांत निघणं शक्य नाही, म्हणून त्याला पाण्याने धुतलं जाणारं पोमेड लावलं. त्याची चमक थोडी कमी पडते. मध्यंतरात केस बेसिनखाली धुऊन, वाळवून, उलटं विंचरायला एकूण अकरा मिनिटं लागली.

उरली वरची सजावट. रॉकबिलीला खिशात कंगवा आणि बारीक पट्टा पुरे. मॉडला दोन इंच रुंदीचा टाय आणि बटणांनी खाली धरलेली कॉलर. पार्का हा अमेरिकी लष्कराचा जुना माल, आणि मॉड पोरं तो घालायची ती स्कूटरवर धूळ-पावसापासून सूट वाचावा म्हणून. तेव्हा पार्काखाली सूट असलाच पाहिजे. टी-शर्टवर चढवलेला पार्का मी रंगमंचावर जाऊ देत नाही. मागे स्कूटर उभी करायची असेल तर इटलीहून आणायला नको. बजाजने साठच्या दशकात परवाना घेऊन इथेच व्हेस्पा बनवल्या, आणि जुन्या चेतकचा सांगाडाही व्हेस्पा स्प्रिंटवरूनच आलेला. ओळखीत कुणाकडे तरी एखादी पडून असते. पुढे चार जादा आरसे लावा आणि तिच्यावरचं मागाहून चिकटवलेलं सगळं काढून टाका.