मीटरवर फुल चार्ज, तरी स्कूटर मध्येच बंद पडते: दोष कसा शोधावा

चढावर किंवा ओव्हरटेक करताना इलेक्ट्रिक स्कूटरचा पिकअप अचानक जातो आणि मीटरवर मात्र सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात. अशा वेळी बरेच जण लगेच मोटरला करंट पुरवणारा कंट्रोलर बदलतात. तो महाग असतो आणि बऱ्याचदा निर्दोषही असतो. म्हणून काहीही उघडण्याआधी स्कूटर बंद पडते तो क्षण नीट पाहा.

डिस्प्लेसकट सगळंच विझलं, तर बॅटरीकडून येणारा पुरवठाच तुटला असं समजा. मग संशय तिघांवर राहतो: बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर पुरवठा तोडणारं बॅटरीतलं सर्किट, एमसीबी आणि मुख्य कनेक्टर. डिस्प्ले चालू राहून फक्त मोटर थांबली, तर आधी ब्रेक लिव्हरचा स्विच, साइड स्टँडचा सेन्सर आणि थ्रॉटल तपासा. ब्रेक स्विच अडकला की कंट्रोलर मोटर बंद करतो. ब्रेक दाबलेला नसताना मागचा ब्रेक लाइट पेटत असेल, तर दोष बहुधा तिथेच सापडतो. मात्र दिव्यांसाठी वेगळी छोटी बॅटरी असलेल्या स्कूटरमध्ये मुख्य बॅटरी तुटली तरी डिस्प्ले चालू राहू शकतो, हे विसरू नका.

स्कूटर पुन्हा सुरू कशी होते, हेही टिपून ठेवा. खड्ड्यात गेली आणि क्षणात परत आली, तर जोडणी सैल आहे. दहा-पंधरा मिनिटं थांबल्यावरच चालली, तर कंट्रोलर, मोटर किंवा बॅटरी तापते आहे. चावी बंद-चालू केल्यावर लगेच चालली आणि जोर लागताच पुन्हा गेली, तर बीएमएसचा संशय धरा.

आता कनेक्टर. पंधरा-वीस मिनिटं चालवून थांबा, चावी आणि एमसीबी बंद करा आणि कनेक्टरला बाहेरून हात लावा. तो शेजारच्या वायरपेक्षा बराच गरम लागला, प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल किंवा पिनेवर काळी काजळी असेल, तर कनेक्टर बदलावाच लागतो. घासून साफ केलेली पिन काही दिवस चालते, पण तिची पकड गेलेली असते. ३० अँपिअर करंटला त्या जोडावर अर्धा व्होल्ट जरी पडला, तरी १५ वॅट उष्णता तिथल्या तिथे तयार होते. नवा कनेक्टर क्रिम्प करून बसवा, नुसती वायर पिळून नको. काम करताना अंगठी-घड्याळ काढून ठेवा. बॅटरीची दोन टोकं धातूने जोडली गेली तर मोठा स्पार्क होतो.

जोडण्या ठीक असतील तर बॅटरीकडे वळा. फुल चार्जचा आकडा नेमका इथेच फसवतो, म्हणून एक उदाहरण आकड्यांत बघू. ४८ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीत १३ सेलगट एकामागे एक जोडलेले आहेत. चार्जिंगनंतर प्रत्येक गट ४.१६ व्होल्टवर, म्हणजे एकूण साधारण ५४ व्होल्ट. मीटर फुल. चढ लागला, करंट वाढला. बारा गट ४.० व्होल्टवर उतरले, पण जुना झालेला सातवा गट थेट २.८ वर कोसळला. एकूण बेरीज तरी ५०.८ व्होल्ट! कंट्रोलर साधारण ४२ व्होल्टच्या आसपास कटऑफ करतो, त्यामुळे त्याला काहीच वावगं वाटत नाही. बीएमएस मात्र प्रत्येक गट वेगळा पाहतं आणि त्या एका गटासाठी सगळी बॅटरी तोडतं. जोर थांबला की तो गट पुन्हा ४ च्या जवळ येतो, म्हणून उभ्या स्कूटरवर मल्टिमीटर लावून काहीच सापडत नाही. स्टँडवर चाक मोकळं फिरवूनही उपयोग नाही, कारण तेव्हा करंट फारच कमी असतो.

बीएमएसला मोबाइल ॲप असेल तर मोकळ्या रस्त्यावर मागे बसलेल्या माणसाला सेल व्होल्टेज पाहायला सांगा. ॲप नसेल तर सर्व्हिस सेंटरला स्पष्ट सांगा: "सेल व्होल्टेज लोडखाली तपासून द्या." उभ्या गाडीचे आकडे स्वीकारू नका.

एखादा गट थांबलेल्या अवस्थेतच इतरांपेक्षा खाली असेल, तर फक्त गटांमधल्या चार्जचा बॅलन्स बिघडलेला असू शकतो. तेव्हा आपण घरात जागे असताना चार्जर फुलनंतरही काही तास लावून ठेवा. बीएमएसचं बॅलन्सिंग फार हळू चालतं. थांबल्यावर सारखा आणि लोडवर एकटाच कोसळणारा गट मात्र बॅलन्सिंगने सुधारत नाही. त्यातले सेल थकलेले असतात किंवा निकेल पट्टीचं वेल्डिंग सुटलेलं असतं. ते काम बॅटरी दुरुस्त करणाऱ्याचं आहे, आणि वॉरंटी असेल तर पॅक स्वतः उघडूच नका.

बीएमएस बायपास करून देतो असं कुणी म्हटलं, तर नकार द्या. कमकुवत गट मग शून्याच्याही खाली ओढला जातो, आत तांबं विरघळतं आणि पुढच्या चार्जिंगला सेलमध्येच शॉर्ट होऊन आग लागू शकते.