ऑटोकॅडमध्ये टूडी काढू का थ्रीडी मॉडेल करू? प्रोजेक्ट आणि पहिल्या नोकरीसाठी असं ठरवा

सॉफ्टवेअरचं नाव थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी हे बघा की तुमच्या हातून शेवटी बाहेर काय जाणारे आणि ते कोणाच्या हातात पडणारे. लेझर कटिंगवाल्याला सपाट आकाराची डीएक्सएफ फाइल लागते, टर्नरला मापं आणि टॉलरन्स असलेला कागद लागतो, गाइडला असेंब्ली फिरवून बघायची असते. मी इथे मेकॅनिकलबद्दलच लिहितोय कारण माझं काम तेच आहे. सिव्हिलवाल्यांचं गणित वेगळं, तिथे प्लॅन-सेक्शनचं बरंच काम अजून टूडीतच चालतं आणि थ्रीडीसाठी रेव्हिट वगैरे येतं.

आधी हे तीन प्रश्न

एक, पार्ट वाकतो का? दोन, तो दुसऱ्या पार्टमध्ये बसतो किंवा त्याच्याजवळ हलतो का? तीन, मापं परत बदलणार आहेत का? (प्रोजेक्टमध्ये बदलतातच, गाइडनी "फायनल" म्हटल्यावरसुद्धा.) तिन्हीचं उत्तर नाही असेल, म्हणजे चार भोकांची सपाट प्लेट, गॅस्केट, नाहीतर मशीनचा लेआउट असेल, तर सरळ ऑटोकॅड उघडा, अर्ध्या तासात काम होईल, तिथे थ्रीडीचा घाट घालू नका. एकाचं जरी उत्तर हो आलं तर थ्रीडी.

का, ते एका ब्रॅकेटवर बघू

समजा 75 मिमी व्यासाची गोल मोटर आडवी ठेवायला यू आकाराचा ब्रॅकेट करायचाय. पत्रा 2 मिमी, बाहेरून रुंदी 80, दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या बाहेरून 40, बेंडची आतली त्रिज्या 2. टूडीत नवखा माणूस काय करतो, तर 40 + 80 + 40 = 160 लांबीची पट्टी काढून कटिंगला पाठवतो. मी पण पहिल्यांदा हेच केलं होतं, आणि ब्रॅकेट वाकवून आला तेव्हा मोजून बघितलं तर एक पट्टी जवळजवळ 7 मिमी जास्त उंच.

कारण सोपंय. बाहेरून घेतलेलं माप कोपऱ्याच्या टोकापर्यंतचं असतं आणि पत्रा काही त्या टोकापर्यंत जात नाही, तो गोलाईतून आतल्या वाटेनं वळतो. तिथे आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते आणि मधे कुठेतरी एक रेषा असते जिची लांबी बदलत नाही. ती रेषा जाडीच्या किती भागावर आहे ते के-फॅक्टर सांगतो. इथे 0.44 धरू. 90 अंशाच्या एका बेंडला लागणारा पत्रा असा निघतो:

```
1.5708 x (2 + 0.44 x 2) = 4.52
```

आता सरळ भाग मोजा. प्रत्येक बेंडजवळ त्रिज्या आणि जाडी मिळून 4 मिमी कमी होतात, म्हणून तळ 80 - 8 = 72 आणि पट्ट्या 36-36. त्यात दोन बेंडचे 9.05 मिळवले की एकूण 153.05. कुठे 160 आणि कुठे 153!

हे ऑटोकॅडमध्ये करता येत नाही असं नाही, हातानं हिशोब करून काढता येतं, जुने ड्राफ्ट्समन तसंच काढायचे. पण आता गाइड म्हणाले पत्रा 3 मिमीचा घ्या. आतली त्रिज्या पण 3 केली तर एका बेंडचे 6.79 होतात, सगळा हिशोब परत, तिन्ही व्ह्यू परत, आणि एक व्ह्यू बदलायचा राहून गेला तर ऑटोकॅड काही बोलणार नाही कारण त्याच्यासाठी त्या नुसत्या रेषा आहेत. सॉलिडवर्क्स, फ्यूजन किंवा फुकटच्या फ्रीकॅडमध्ये शीट मेटलनं मॉडेल केलं असेल तर जाडी आणि त्रिज्या बदलायची, उलगडलेला पत्रा आपोआप बदलतो.

अजून एक गंमत. बाहेरून 80 कायम ठेवून पत्रा 3 मिमी केला की आतली जागा 76 वरून 74 होते आणि 75 ची मोटर बसतच नाही. असेंब्लीत मोटर ठेवून इंटरफिअरन्स चेक चालवला तर घुसलेला भाग लगेच दिसतो. तेव्हा खरं शहाणपण म्हणजे पहिल्याच स्केचमध्ये बाहेरचं 80 न देता आतलं 76 द्यायचं, कारण मोटर बदलणार नाहीये, पत्रा बदलणारे. तसं केलं असतं तर 3 मिमीला बाहेरची रुंदी 82 झाली असती, पत्रा 151.57 लागला असता आणि मोटर आरामात बसली असती.

पण थ्रीडी म्हणतं म्हणून डोळे झाकून पाठवू नका. के-फॅक्टर मटेरियल, डाय आणि बेंडिंगच्या पद्धतीवर बदलतो, त्यामुळे जिथे वाकवणार तिथे आधी विचारा, नाहीतर एक तुकडा वाकवून मोजा आणि तो आकडा टाका.

तरी टूडी सुटत नाही

उलगडलेला पत्रा डीएक्सएफमध्ये काढला की तो एकदा ऑटोकॅडमध्ये उघडायचाच. `DIST` नं एक माहीत असलेलं माप तपासा, 153.05 च्या जागी 6.03 आलं तर युनिट इंचात गेलंय. मग `OVERKILL` चालवा, एकावर एक बसलेल्या रेषा निघून जातील, नाहीतर मशीन तीच कड दोनदा कापू शकतं. मग बाहेरचा आकार निवडून `REGION` द्या. रीजन तयार झाला नाही तर कुठेतरी फट आहे, झूम करून शोधा, आणि तयार झाला तर `U` देऊन परत रेषांवर या.

आणि डायमेन्शनवर डबल क्लिक करून आकडा हातानं बदलायची सवय लावून घेऊ नका. कागदावर 42 दिसतं, रेषा 40 चीच राहते, आणि मशीन रेषा कापतं.

नोकरीसाठी

जाहिरातीत सॉफ्टवेअरपेक्षा काम वाचा. डिटेलिंग, लेआउट, जुनी ड्रॉइंग सुधारणं असं असेल तर ऑटोकॅडचा हात वेगवान लागतो. फिक्स्चर, शीट मेटल, प्रॉडक्ट डिझाइन असेल तर एक पॅरामेट्रिक टूल नीट यायला पाहिजे, एकच पुरे, सॉलिडवर्क्स आलं की क्रिओ किंवा इन्व्हेंटरमध्ये बटणांच्या जागा शोधायला वेळ जातो, विचार तोच राहतो.

पण दोन्हीकडे शेवटी ड्रॉइंग वाचता आणि काढता यावं लागतं. मॉडेलमधून तीन व्ह्यू एका क्लिकवर येतात, पण भोकाला कुठून माप द्यायचं, कुठे टॉलरन्स घट्ट हवा, फर्स्ट अँगल का थर्ड अँगल हे तुम्हीच ठरवायचं असतं. म्हणून दाखवायला वरच्यासारखी एक छोटी असेंब्लीच ठेवा: मूळ मॉडेल, ए-थ्री शीटची पीडीएफ आणि कटिंगची डीएक्सएफ. नुसती चकचकीत रेंडर केलेली चित्रं मला कोणी दाखवली तर मी फाइल मागतो, एक माप 76 चं 86 करतो आणि रीबिल्ड देतो. लाल एरर आल्या की कळतं स्केच कसं बांधलंय. सॉलिडवर्क्समध्ये निळ्या रेषा म्हणजे स्केच पूर्ण बांधलेलं नाही, काळ्या झाल्या म्हणजे झालं, ते घरीच तपासून या. आणि मूळ फाइलसोबत एक स्टेप फाइल पण ठेवा, समोरच्याकडे जुनं व्हर्जन असेल तर नवी फाइल उघडणार नाही, स्टेपमध्ये फीचरचा इतिहास राहत नाही पण निदान पार्ट तरी दिसतो.