तेलघाणीचा हिशेब: या चुका टाळा

छोट्या घाणीवर खर्चाची वही असते, पण शेंगदाणा तेल किलोला नेमकं कितीला पडलं हे विचारलं की दोन वेगळे आकडे ऐकू येतात. वहीत खर्च बहुधा बरोबरच लिहिलेला असतो. चूक होते ती पेंड आणि घट कुठे दाखवायची इथे.

हिशेबाला सोपे आकडे धरू. १००० किलो शेंगदाणे १०० रुपये किलोने आणले, म्हणजे १,००,००० रुपये. सफाई, मजुरी, वीज आणि यंत्राची झीज मिळून ६,००० रुपये. सफाईत खडे, माती आणि फोल दाणे असे २० किलो गेले. एक्सपेलरमधून, म्हणजे दाणे दाबून तेल काढणाऱ्या यंत्रातून, ४०० किलो तेल आणि ५५० किलो पेंड निघाली. उरलेले ३० किलो म्हणजे वाफेने उडालेला ओलावा आणि तेलाच्या तळाशी बसलेली, टाकून द्यावी लागलेली गाद. याची बेरीज हजार होते, आणि ती व्हायलाच हवी. ती जुळल्याशिवाय रुपयांकडे वळू नका.

पहिली चूक पेंडीची. पेंड विकून आलेले पैसे ‘इतर उत्पन्न’ म्हणून वेगळे लिहिले, तर १,०६,००० भागिले ४००, म्हणजे तेल २६५ रुपये किलो पडल्याचं दिसतं. मग २४० चा भाव मिळाला तरी मालक तोट्यात असल्याचं समजतो आणि घाणी थांबवतो. पेंड हे उपउत्पादन आहे, तिची किंमत तेलाच्या खर्चातून वजा व्हायला हवी. तीसुद्धा बाजारभावाने नव्हे, तर हातात पडणाऱ्या किमतीने: भाव ४२ रुपये असेल आणि बारदान, हमाली, भाडं यांत २ रुपये जात असतील, तर ४० धरायचे. ५५० किलोचे २२,००० वजा केले की ८४,००० उरतात आणि तेल २१० रुपयांना पडतं. महिनाअखेर काही पेंड गोदामातच असेल तरी वजावट निघालेल्या सगळ्या पेंडीची करा, विकलेल्या पेंडीपुरती नको. तसं न केल्यास या महिन्याचं तेल महाग आणि पुढच्या महिन्याचं स्वस्त दिसेल.

दुसरी चूक जास्त नुकसान करते. पुढच्या खेपेला तेल ३८० किलो आणि पेंड ५६० किलो निघाली समजा. घट ३० ऐवजी ४० किलो झाली. बहुतेक जण १,०६,००० मधून पेंडीचे २२,४०० वजा करून ३८० ने भागतात आणि २२० रुपये हा नवा दर धरतात. इथे कमी झालेला उतारा, म्हणजे दाण्यांतून निघालेलं कमी तेल, दरात लपून जातं. नेहमीची घट तेलाच्या दरातच बसते, कारण ती टळत नाही. पण ठरलेल्या उताऱ्यापेक्षा कमी आलेले २० किलो ही असामान्य घट आहे. ती त्याच २१० च्या दराने, म्हणजे ४,२०० रुपये, वेगळी काढायची. जास्तीच्या १० किलो पेंडीचे ४०० वजा करून ३,८०० थेट नफा-तोटा खात्यात टाकायचे. तयार तेलाचा दर २१० च राहतो आणि खेपेत किती पैसा वाया गेला ते उघड दिसतं.

आता हे २० किलो गेले कुठे? वजनच सांगतं: पेंड १० किलोने वाढली, म्हणजे साधारण तेवढं तेल पेंडीत अडकलं, आणि उरलेले १० किलो टाकीच्या, नळाच्या किंवा फिल्टरच्या गळतीत गेले असावेत. पेंडीचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. एक्सपेलरच्या पेंडीत सात टक्क्यांच्या आसपास तेल राहत असेल आणि आता ते पावणेनऊपर्यंत गेलं असेल, तर दाणे दाबणारा वर्म झिजला आहे का, पेंड बाहेर पडण्याची वाट अरुंद करणारा चोक नीट आवळला आहे का, दाण्याचा ओलावा किती आहे हे बघावं लागेल. गळती नाहीच, आणि पेंडीतही तेल वाढलेलं नाही, तर आधी काटा तपासा.

टाकीतली गाद पुढच्या खेपेत परत यंत्रात घालत असाल, तर ती घट धरू नका. तिचं वजन अर्धवट माल म्हणून पुढे ओढा. नाहीतर एका महिन्यात तूट आणि दुसऱ्या महिन्यात विनाकारण चांगला उतारा दिसतो.

दर किलोत काढून विक्री लिटरने करताना रूपांतर विसरू नका. लिटरभर शेंगदाणा तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम भरतं, म्हणून २१० रुपये किलोचं तेल लिटरला १९१ च्या आसपास पडतं. बाटली, झाकण आणि लेबल त्यावर वेगळे.

हीच पद्धत सोयाबीनला मात्र जशीच्या तशी लावू नका. तिथे तेल वजनाने पाचव्या हिश्श्याहूनही कमी निघतं आणि पेंडीची एकूण किंमत तेलाच्या बरोबरीची किंवा जास्तही होऊ शकते. अशा वेळी पेंड उपउत्पादन राहत नाही, तेलाचीच जोडीदार ठरते, आणि खर्च दोघांच्या विक्रीकिमतीच्या प्रमाणात वाटावा लागतो.