भाव पडलेल्या टोमॅटोच्या सुक्या चकत्या

भाव पडला तरी पिकलेला टोमॅटो थांबत नाही, मिळेल त्या दराने द्यावा लागतो. त्यातला थोडा वाळवून ठेवा.

१. लाल पण घट्ट फळं घ्या. बुरशी लागलेलं फळ कापून वापरू नका, सरळ बाजूला काढा.
२. धुऊन, पुसून साधारण अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा. जाडी सारखी हवी, नाहीतर काही करपतात आणि काही ओल्या राहतात.
३. जाळीच्या ट्रेवर एकेरी थर लावून सोलर ड्रायरमध्ये ५५ ते ६० अंशांवर वाळवा. चकती वाकवल्यावर कडकन तुटली पाहिजे. नुसती वाकली तर आत ओल आहे.
४. गार झाल्यावर काचेच्या बरणीत सैलसर भरा आणि आठवडाभर रोज हलवा. काचेला दव दिसलं तर पुन्हा वाळवा. ही पायरी गाळू नका, माल बहुतेक इथेच बिघडतो.

दहा किलोंचे जेमतेम अर्धा किलो उरतात, त्यामुळे दर ठरवताना वीस किलोंना एक किलो हा हिशेब धरा. पूड मात्र मागणी आल्यावरच करा, कारण ती हवेतली ओल ओढून लगेच गठ्ठा होते.