फुलं नसलेली बॅग

गंगापूर रोडवरच्या एका ऑनलाइन दुकानासाठी मी इटालियन बॅगांची वर्णनं मराठीत करते. एका बॅगेच्या वर्णनात ‘पेल्ले पिएनो फिओरे’ होतं. फिओरे म्हणजे फूल, म्हणून मी बिनधास्त ‘फुलांच्या नक्षीचं लेदर’ लिहून टाकलं. आठवड्याभरात बॅग परत आली. ग्राहक ताईंची तक्रार एका ओळीची होती: “फुलं कुठे आहेत?”

चामड्याच्या धंद्यात फिओरे म्हणजे कातड्याचा वरचा, केसांच्या बाजूचा थर. तो न घासता तसाच ठेवला की पिएनो फिओरे, आणि डाग काढायला घासून वर कृत्रिम पोत दिला की फिओरे कोर्रेत्तो. आडवा छेद देऊन वेगळा केलेला खालचा थर म्हणजे क्रोस्ता. (मी त्याचं ‘खपली’ करणार होते, नशीब!)

परत आलेली बॅग भद्रकालीतल्या चपला शिवणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी भिंगातून केसांची बारीक, वेडीवाकडी छिद्रं दाखवली. “सारखी, रांगेत दिसली तर समज, ठसा मारलाय,” ते म्हणाले. मग क्रोस्ताचा तुकडा दाखवला: वर गुळगुळीत मुलामा, पण कापलेल्या कडेला नुसते मोकळे तंतू.

आता मी लिहिते, ‘वरच्या थराचं, न घासलेलं अस्सल चामडं, बारीक व्रण दिसू शकतात’. क्रोस्ता असेल तर ‘खालच्या थराचं, मुलामा दिलेलं’. दुकानदारदादांना हे आवडत नाही, विक्री कमी होईल म्हणतात. पण ‘अस्सल लेदर’ एवढंच लिहायला मी तयार नाही, कारण दोन्ही अस्सलच असतात.