घर बघायला जाण्याआधी मालकाला कुत्र्याबद्दल विचारताना या चुका टाळा

सांगलीत भाड्याचं घर शोधताना सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी घर बघायचं, पसंत करायचं आणि टोकन द्यायच्या वेळी सांगायचं, ‘आमच्याकडे एक कुत्रं आहे.’ तोवर मालकानं दुसऱ्या कुणाला नाही म्हटलेलं असतं. आपल्याला फसवलं असं त्याला वाटतं, आणि एरवी हो म्हणाला असता तोही अडून बसतो. म्हणून हे जायच्या आधीच विचारायचं. मात्र कसं विचारता, यावर बरंच ठरतं.

‘पेट चालतात का?’ एवढंच विचारलं की मालकाच्या डोळ्यांसमोर रात्रभर भुंकणारं, दारं ओरबाडणारं कुत्रं उभं राहतं. नाही म्हणणं त्याला सोपं जातं. आमच्या ओळखीतल्या एका ताईंची साताऱ्याहून सांगलीला बदली झाली, तेव्हा त्यांना अशी दोन-तीन कोरडी ‘नाही’ आली. मग विश्रामबागमधल्या एका मालकांना त्यांनी असा मेसेज केला:

‘नमस्कार काका. तुमच्या टू बीएचके फ्लॅटबद्दल विचारत होते. आम्ही नवरा-बायको, सासूबाई आणि आमची एक देशी कुत्री, चार वर्षांची, साधारण 15 किलोची. नसबंदी झालेली आहे, रेबीजची लस दरवर्षी देतो, लसीचं कार्ड दाखवते. ती घरातच राहते आणि दिवसा सासूबाई तिच्याजवळ असतात. साताऱ्याच्या घरमालकांशी हवं तर बोलून घ्या. तुम्हाला आणि सोसायटीला चालणार असेल तरच रविवारी घर बघायला येऊ. चालणार नसेल तर मोकळेपणानं कळवा, राग मानणार नाही.’

यात ‘घरातच राहते’ हे मुद्दाम लिहिलंय. वजनही खरं लिहिलंय, कारण ‘छोटंसं आहे हो’ म्हणून 15 किलोची कुत्री नेली तर पहिल्याच दिवशी विश्वास जातो. शेवटच्या दोन वाक्यांचा उपयोग तर सर्वांत जास्त. आपल्याकडे समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, मग ‘या तर खरं, बघू’ असं उत्तर येतं. त्याला होकार समजून जाणं ही मोठी चूक आहे. अशा वेळी एकदाच विचारावं, ‘काका, यायच्या आधी एवढंच सांगा, कुत्री घरात राहिलेली चालेल ना?’ पुन्हा गोलमोल उत्तर आलं तर जाऊ नये.

ताईंना उत्तर आलं, ‘चालेल, पण गच्चीत बांधायची.’ मालकाच्या मते हा होकार होता. घरात वाढलेल्या कुत्रीसाठी मात्र तो नकारच. त्यांनी वाद न घालता विचारलं, ‘काका, आत नेमकी काय अडचण वाटते?’ आधीच्या भाडेकरूच्या कुत्र्यानं बेडरूमचं दार ओरबाडलं होतं, एवढंच निघालं. ‘दाराचं नुकसान झालं तर खर्च डिपॉझिटमधून वळता करा,’ असं त्यांनी लिहून दिलं. काकांनी जिन्यात पट्टा लावायची अट घातली आणि रविवारी घर दाखवलं. भीती नेमकी कशाची आहे हे कळल्याशिवाय असा तोडगा सुचत नाही.

एजंटच्या ‘चालतंय की’वर विसंबून निघू नका. ‘मालकांना विचारलंत का?’ हे विचारा आणि मालकांचा मेसेज पुढे पाठवायला सांगा. आधी फ्लॅट दाखवून मग मालकांना पटवू, असा हिशेब काही जण करतात. तुमची फेरी फुकट जाते.

पहिल्याच मेसेजात कायदाही काढू नका. बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण स्वतःचा फ्लॅट कुणाला द्यायचा हे मालकच ठरवतो. मालक राजी आहे आणि सोसायटीचे चेअरमन अडवतायत, तेव्हा या सूचना कामाला येतात, आणि त्याही मालकानंच पुढे केलेल्या बऱ्या.

होकार मिळाला तरी एक काम उरतं. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराच्या तयार मसुद्यात कधी कधी ‘पाळीव प्राणी ठेवण्यास मनाई’ असं कलम आधीपासूनच असतं. मालकाच्याही ते लक्षात नसतं. नोंदणीसाठी अंगठा द्यायच्या आधी मसुदा मागवून वाचा, ते कलम काढून घ्या आणि त्या जागी लिहून घ्या: ‘भाडेकरूस एक पाळीव कुत्री घरात ठेवण्यास मालकाची संमती आहे. तिच्यामुळे झालेल्या नुकसानीचा प्रत्यक्ष खर्च डिपॉझिटमधून वळता करता येईल.’ ‘प्रत्यक्ष’ हा शब्द राहू द्या, म्हणजे घर सोडताना सरसकट रंगकामाचे पैसे कापले जाणार नाहीत.