वायंगणी भाजीपाला: शेणखत की युरिया, त्याआधी चुना

पाऊस ओसरला असून वायंगणी भाजीच्या लागवडीला आता फार दिवस उरलेले नाहीत. सेंद्रिय खत घालावे की रासायनिक, असा प्रश्न शेतकरी विचारतात. परंतु गोव्याच्या जांभ्या मातीत दोन्ही खते वाया जाण्याचे मुख्य कारण न घातलेला चुना हेच असते. मुसळधार पावसाने मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन जातात, सामू साडेपाचच्या खाली उतरतो आणि लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला जखडून ठेवतात.

पेडण्यातील एका भेंडीच्या मळ्यात डीएपीची मात्रा दोनदा देऊनही रोपे गुडघ्याएवढीच राहिली होती. रोप उपटल्यावर मुळे आखूड, जाड व तपकिरी दिसली, पांढरी तंतुमुळे जवळपास नव्हतीच. विक्रेत्याने त्यावर महागडे विद्राव्य खत सुचवले होते, मातीचा सामू मात्र कोणी पाहिला नव्हता.

१००० चौ.मी. भेंडीचा हिशेब पाहू. हेक्टरी १०० किलो नत्र धरल्यास या क्षेत्राला १० किलो लागते. दोन टन कुजलेल्या शेणखतात साधारण तेवढे नत्र असते, तथापि पहिल्या हंगामात त्यातील सुमारे एक तृतीयांशच पिकाच्या हाती लागते. उरलेले सात किलो शेणखतातूनच द्यायचे म्हटले तर आणखी चार-पाच टन विकत आणावे लागेल, आणि गाडीभाडे धरता छोट्या मळ्याला ते परवडत नाही. तेच नत्र १५ किलो युरियातून शंभर रुपयांच्या आत मिळते. मात्र केवळ युरियावर विसंबल्यास माती वर्षागणिक अधिक आम्ल होते व तिचा ओलावा धरण्याचा गुण घटतो. म्हणून दोन टन शेणखत कायम ठेवावे व तूट युरियाने भरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्फुरदासाठी डीएपीऐवजी २० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पुरेसे ठरते, कारण काही स्फुरद शेणखतातूनही मिळतो.

चुन्याची नेमकी मात्रा माती परीक्षणावरून ठरवावी; सामू पाचच्या आसपास असल्यास या क्षेत्राला साधारण २०० किलो कृषी चुना किंवा डोलोमाइट लागतो. बांधावर नेचे माजलेले दिसले की माती आम्ल असावी, असा माझा अंदाज असतो. तो परीक्षणाची जागा घेत नाही. चुना ओलसर मातीतच काम करतो, त्यामुळे माती सुकण्यापूर्वी, म्हणजे याच आठवड्यात, तो पसरून मिसळावा. युरिया किंवा शेणखत त्याच्यासोबत घातल्यास नत्र अमोनिया होऊन उडून जाते.

क्रम:
- चुना: लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे
- शेणखत: लागवडीपूर्वी आठवडाभर
- सुपर फॉस्फेट: लागवडीच्या वेळी, ओळीत
- युरिया: लागवडीवेळी, ३० व ४५ दिवसांनी ५-५ किलो

शेण पुरते कुजलेले नसल्यास ते यंदा घालू नये. कच्चे शेण मातीतील नत्र ओढून घेते, पाने पिवळी पडतात आणि मग शेतकरी युरिया वाढवत जातो.